तडतडली की तडतडते आहे?

आईच्या पाककृतीत मिनिटं नसतात. तुमच्याही आईच्या नसतील. मी इथे तोक्योत फोन कानाला लावून उभी असते आणि तिकडून सूचना येते, "तेल तापलं की मोहरी घाल. तडतडली की जिरं, मग हिंग, हळद. कढीपत्ता चर्र झाला की वरण ओत आणि चांगलं रटरटू दे." झालं, आमटी संपली. किती तेल, किती वेळ, किती आच, काही नाही. पण नीट पाहिलं तर या तीन-चार वाक्यांत तीन घड्याळं आहेत: तडतड, चर्र आणि रटरट. तिन्ही कानाने बघायची.

या सदरात मागच्या दिवाळीला नात्यांच्या शब्दांबद्दल लिहिलं होतं. यंदा या आवाजांबद्दल लिहिते आहे, कारण इथे राहून त्यांची गंमत जितकी कळते तितकी पुण्यात शिकवत असताना कळली नव्हती. शाळेत मी हा भाग दरवर्षी घ्यायचे. अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. तिसऱ्या प्रकाराची उदाहरणं म्हणून फळ्यावर कडकडाट, गडगडाट, किरकिर, टिकटिक लिहायची, मुलांनी ती वहीत उतरवायची आणि परीक्षेत एका गुणाला तेवढंच यायचं. हे शब्द भाषेत नक्की काय काम करतात, हा प्रश्न कुणी विचारत नसे.

जपानी माणूस तो विचारतो. इथे या शब्दांचं स्थान फार वरचं आहे. त्यांचे प्रकारसुद्धा वेगळ्या नावांनी ओळखतात: प्रत्यक्ष आवाजाची नक्कल करणारे ते गिओंगो आणि ज्याला आवाजच नसतो अशा स्थितीचं, स्पर्शाचं, हालचालीचं चित्र काढणारे ते गिताइगो. आपल्याकडेही दोन्ही आहेत. घड्याळाची टिकटिक हा आवाज आहे, पण नवीन भांड्याच्या चकचकाटाला कुठला आवाज? मऊ पुरणपोळी लुसलुशीत असते तेव्हा ती काही बोलत नाही. आपण या दोघांना एकाच टोपलीत ठेवलं, त्यांनी दोन टोपल्या केल्या, एवढंच.

तर गोष्ट अशी, की मागच्या वसंत ऋतूत आमच्या भागातल्या नागरिक केंद्रात भारतीय घरगुती जेवणाची एक सकाळ ठेवली होती आणि आमटी-भात दाखवायचं काम माझ्याकडे होतं. दहा बायका, तीन शेगड्या, दोन तास. प्रत्येकीच्या हातात जपानीत लिहिलेला एक कागद द्यायचा असा इथला शिरस्ता आहे. मी मजकूर लिहिला आणि आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका आजींना वाचायला दिला. वय पंच्याहत्तर, आयुष्यभर स्वयंपाक केलेला, माझं जपानी तपासायची त्यांना मनापासून हौस. त्या दोन दिवसांत आमच्या दोघींच्या ज्या चर्चा झाल्या, त्या मला एमएच्या भाषाविज्ञानाच्या पेपरपेक्षा जास्त शिकवून गेल्या.

सोपं आधी सांगते. उकळीचे शब्द झटकन सापडले. उलट जपानीच आपल्याहून श्रीमंत निघाली. पाण्याला नुकती उकळी फुटू लागली, बारीक बुडबुडे वर यायला लागले की फुत्सुफुत्सु. मंद आचेवर झाकण किंचित हलत राहील असं शिजणं म्हणजे कोतोकोतो. रश्शाला मोठे बुडबुडे येऊन तो आवाज करत शिजतो ते गुत्सुगुत्सु, आणि भांडं हलेल अशी जोराची उकळी म्हणजे गुरागुरा. (भूकंपात घर हलतं तेही गुरागुराच. इथली मुलं दोन्ही अर्थ एकदमच शिकतात.) आता आपले शब्द यांच्याशेजारी ठेवून बघा. पाण्याची खळखळ उकळी म्हणजे गुरागुरा. पिठलं किंवा आमटी यांच्यासारखं दाट काही रटरटतं ते गुत्सुगुत्सु. कागदावर मी "दहा मिनिटं गुत्सुगुत्सु" असं लिहिलं आणि आजींनी पेन न उचलता मान डोलावली.

कोतोकोतोला मात्र मला मराठी नाद सापडला नाही. आपण "मंद आचेवर" म्हणतो, म्हणजे शब्द विस्तवाचा वापरतो, भांड्याचा नाही. मला वाटतं याला आपला प्रेशर कुकरही थोडा जबाबदार असावा. तासभर डाळ चुलीवर ठेवून तिचा आवाज ऐकत बसण्याची गरजच त्याने संपवली आणि त्या जागी एकच आवाज ठेवला, शिट्टी. "तीन शिट्ट्या" हे आपलं मोजमाप. त्याचं भाषांतर करणं अशक्य आहे, कारण इथले बहुतेक कुकर तशी शिट्टी देत नाहीत. दाब चढला की वजन हलायला लागतं किंवा खूण वर येते, मग आच कमी करून मिनिटं मोजायची. शिवाय आपल्या तीन शिट्ट्या तरी कुठे ठरलेल्या असतात? मोठ्या आचेवर त्या पाच मिनिटांत होतात, बारीक आचेवर पंधरा. कागदावर मी शिट्टीचं नावच घेतलं नाही. "डाळीचा दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा चेपला पाहिजे" असं लिहिलं.

अडलो ते फोडणीवर. मोहरीच्या तडतडीला जपानी शब्द आहे, पाचिपाचि. शेकोटीतली लाकडं पाचिपाचि करतात, तेलात पाण्याचा थेंब पडला की पाचिपाचि होतं आणि टाळ्यांचा आवाजही पाचिपाचिच. शब्द इतका चपखल, की मी लिहून टाकणार होते: मोहरी पाचिपाचि झाली की जिरं घाला. आजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "पाचिपाचि लागल्यावर, की थांबल्यावर?"

मी त्यांना तोंडाने उत्तर दिलं, थांबल्यावर. पण प्रश्न डोक्यात राहिला. मराठी वाचणाऱ्या कुठल्याही बाईला हा प्रश्न पडत नाही. का पडत नाही?

कारण आई "तडतड" म्हणत नाही, "तडतडली" म्हणते. मराठी आवाज पकडून तिथे थांबत नाही, त्याचं सरळ क्रियापद करते. तडतड पासून तडतडणे, रटरट पासून रटरटणे, खदखद पासून खदखदणे. आणि एकदा क्रियापद झालं की त्याला काळ येतो, पूर्णता येते. तडतडू लागली म्हणजे पहिले दोन-चार दाणे उडाले. तडतडते आहे म्हणजे ऐन रंगात आहे, झाकण हातात ठेवा. तडतडली म्हणजे काम झालं. जिरं कधी घालायचं हे "तडतड" या आवाजात सांगितलेलंच नाही, ते शेवटच्या "ली"मध्ये आहे.

जपानीत पाचिपाचिला असा प्रत्यय लागत नाही. त्याला "करणे" या अर्थाचं सुरू हे क्रियापद जोडावं लागतं, आणि "पाचिपाचि शितारा" असं लिहिलं, तर ऐकणारा ते "पाचिपाचि झालं की" असंही घेईल आणि "पाचिपाचि व्हायला लागलं की" असंही. म्हणून आजींनी वाक्य मोडून नवीन केलं. त्यांच्या वाक्याचा मराठी अर्थ असा: दाणे पाचिपाचि उडू लागतील, झाकण ठेवा, तो आवाज शांत होत आला की जिरं घाला. आपल्या एका शब्दासाठी तीन तुकडे लागले, पण काही संदिग्ध उरलं नाही.

इंग्रजीचं इथे नवल वाटतं. दुहेरी आवाजांच्या बाबतीत ती आपल्यापासून कोसो दूर आहे, पण स्प्लटर, सिझल, क्रॅकल हे सगळे शब्द तिच्यात सरळ क्रियापदं म्हणून चालतात. म्हणजे नाद पाहिला तर मराठीचं घर जपानीच्या शेजारी आणि व्याकरण पाहिलं तर इंग्रजीच्या. दोन्हीकडे पाय ठेवायची ही सोय आपल्याकडे आहे याचा मला, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानच वाटला.

आता "लागल्यावर की थांबल्यावर" याने एवढा काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. आमटीच्या चवीत पडतो. मोहरीच्या दाण्यात थोडा ओलावा असतो. तेलात तो तापतो, त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट नसते आणि शेवटी टरफल फोडून ती सुटते. तो फुटण्याचा आवाज म्हणजे तड. मक्याच्या लाह्यांचंही असंच असतं. सगळे दाणे एका क्षणी फुटत नाहीत. आधी एक-दोन, मग एकदम गर्दी, मग पुन्हा तुरळक. न फुटलेली मोहरी दाताखाली कडू लागते. पहिल्या तडला जिरं टाकलं, तर मोहरी पुरती फुटेपर्यंत जिरं काळं होतं, कारण जिऱ्याला फुलायला काही सेकंदच लागतात. आणि आवाज पूर्ण बंद होईपर्यंत थांबलात तर मोहरी करपते. म्हणून गर्दी ओसरून दाणे तुरळक फुटू लागले, की तो क्षण. जिरं, पाठोपाठ हिंग, हळद, आणि लगेच कढीपत्ता.

चर्र हा कढीपत्त्याचा आवाज, आणि तो पाण्याचा आहे. ताज्या पानात ओलावा असतो, धुतलेलं असेल तर वरही असतो. तापल्या तेलात तो सगळा एकदम वाफ होऊन निघतो. इथे पुष्कळजणी वाळवलेला कढीपत्ता वापरतात. त्यात ओलावाच नसल्यामुळे चर्र होत नाही, पान गुपचूप तेलात पडतं आणि दोन सेकंदांत जळतं. तेव्हा वाळकी पानं असतील तर चर्रची वाट पाहू नका, टाका आणि लगेच वरण ओता. निशिकासाईच्या बाजूला भारतीय दुकानांत ताजी पानं मिळतात तेव्हा आणून, पुसून, डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत. गोठलेलं पान तर दुप्पट चर्र करतं, त्यामुळे हात लांब ठेवून घालायचं.

आवाजावर चालायचं म्हटलं तर इथल्या स्वयंपाकघरात दोन अडचणी येतात, त्या सांगायलाच हव्यात. पहिली म्हणजे धुराचा पंखा. तो मोठ्या वेगावर असला की तडतड कमी-जास्त झालेली कळतच नाही. फोडणीची ती अर्धी मिनिटं तो बारीक करावा, वास नंतर जातो. दुसरी अडचण गॅसची. 2008 पासून इथल्या बहुतेक नव्या घरगुती शेगड्यांच्या प्रत्येक बर्नरला मधोमध तापमानाचा सेन्सर असतो. भांडं फार तापलं की तो आच आपोआप बारीक करतो. आपलं फोडणीचं कढलं लहान आणि पातळ, त्यात तेल दोन चमचे. मोठ्या आचेवर ठेवलं तर मोहरी अर्धी फुटलेली असताना सेन्सर आच ओढून घेऊ शकतो आणि तडतड मंदावते. कान म्हणतात तडतडली, पण ती तडतडलेली नसते. अशा वेळी दाणे पाहायचे. फुटलेली मोहरी काळी कुळकुळीत राहत नाही, राखाडी दिसते. राखाडी दिसत नसेल तर थांबायचं. मुळात मध्यम आचेवर, जरा जाड बुडाच्या भांड्यात फोडणी केली तर हा घोळ होत नाही. ज्यांच्याकडे आयएच शेगडी आहे त्यांचं कढलं बहुधा शेगडी ओळखतच नाही. त्यांनी पातेल्यातच फोडणी करून त्यावर वरण ओतावं.

हे झालं आपलं. पण माझ्या मनात जी खरी काळजी आहे ती घरातली आहे. माझी लेक आठ वर्षांची. जन्म इथला, शाळा जपानी. तिचं मराठी वाईट नाही, आजीशी तासभर गप्पा मारते. पण एक दिवस लक्षात आलं, की ती "मोहरी तडतड करते" म्हणते. पाऊस "टपटप करतो", दूध "खदखद करतं", आभाळ "गडगड करतं". सगळ्या आवाजांना "करणे" चिकटवलेलं. मराठी म्हणून यात चूक काही नाही, आपणही लहान मुलांशी असं बोलतो. पण तिच्याकडे गडगडणे, तडतडणे, खदखदणे ही क्रियापदं नाहीतच. जपानीचा साचा मराठीवर बसला आहे: आवाज वेगळा, आणि पुढे सुरू. आमच्या शनिवारच्या मराठी वर्गातल्या बाकीच्या मुलांचंही मी कान देऊन ऐकलं. बहुतेकांचं तसंच. गंमत म्हणजे आवाज त्यांना अगदी भरपूर येतात. जी मुलं "झुंबड" म्हटल्यावर गोंधळतात ती "रिमझिम" आणि "धो धो" बरोबर सांगतात. आवाज टिकला आहे, क्रियापद गळलं आहे.

आणि क्रियापद गळलं की "तडतडली" आणि "तडतडू लागली" यांतला फरकही गळतो. उद्या हीच मुलगी आजीच्या सांगण्यावरून आमटी करायला घेईल, तेव्हा आजीचं वाक्य तिला कळेल, पण जिरं कधी घालायचं ते कळणार नाही. वाक्यातला सगळा अर्थ जिथे बसला आहे, नेमकी तीच जागा तिच्या कानाला लागत नाही.

यावर मी जो उपाय करते तो शिक्षकी आहे, माफ करा. पंखा बारीक, लेक शेगडीपासून दोन हात लांब, पाठ फिरवून. मी मोहरी घालते. तिने न बघता बोलायचं. पहिला दाणा उडाला की "तडतडू लागली". गर्दी झाली की "तडतडते आहे". ओसरली की "तडतडली!" आणि तिने म्हटल्याशिवाय मी जिरं घालत नाही. सुरुवातीला ती फार लवकर ओरडायची. तीन-चार आमट्यांनंतर बरोबर वेळेवर यायला लागली. पावसाचंही तसंच करतो. बाल्कनीचं दार उघडं ठेवून: गडगडलं, गडगडायला लागलं, गडगडतंय. जूनमधला इथला पावसाळा, त्सुयु, या खेळाला मात्र फारसा उपयोगी नाही. त्याच्यात गडगडाट कमी. महिना-दीड महिना तो नुसता शितोशितो पडतो.

हा शितोशितो बघा. तो म्हणजे बारीक, शांत, न थांबणारा पाऊस. शब्दकोशाच्या हिशेबाने त्याला आपली रिपरिप लावता येईल. पण रिपरिप म्हटलं की आपल्या चेहऱ्यावर आठी येते. कपडे वाळत नाहीत, चिखल झाला आहे, भाजीला जायचं आहे आणि बाहेर रिपरिप चालू आहे. शितोशितोमध्ये ती कुरकुर नाही, उलट त्यात एक निवांतपणा आहे. कपडे न वाळण्याची तक्रार करायला त्यांच्याकडे निराळा शब्द आहे, जिमेजिमे, दमट कोंदटपणाचा. म्हणजे आपल्या एका रिपरिपमध्ये पाऊसही आहे आणि वैतागही. जपानीने ते दोन वेगळ्या डब्यांत ठेवले. झाऽझाऽ आणि धो धो यांचं मात्र जुळतं. गडगडणारा ढग तिकडे गोरोगोरो करतो, तेही कानाला ओळखीचं.

गोरोगोरोवरून आठवलं. जपानीत आवाज मोठा, जड करायचा असेल तर पहिलं व्यंजन घोष करतात. लहान गोटी कोरोकोरो घरंगळते, दगड गोरोगोरो. थेंब पोतापोता गळतात, जाड थेंब बोताबोता. हलकं, खुसखुशीत ते साकुसाकु आणि जरा भरड, जाड ते झाकुझाकु. एकदा ही किल्ली हातात आली की अनोळखी शब्दाचाही अंदाज येतो. मराठीत असं काही आहे का म्हणून मी शोधत राहिले. आपल्याकडे लहानमोठेपणा मला व्यंजनापेक्षा स्वरात जास्त दिसतो. पैंजण छुमछुम, मोठे चाळ छमछम. हुक्का गुडगुड, ढग गडगड. टिपटिप आणि टपटप. इ, उ आला की वस्तू लहान, अ आला की मोठी. नियम म्हणावा इतकं पक्कं नाही, अपवाद तुम्हाला लगेच आठवतील, पण मुलांना जोड्या लावायला द्यायला हा खेळ छान आहे.

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा फराळाकडे येते. तळण्याचा आवाजही पाण्याचाच आवाज आहे. चकली तेलात सोडली की भरभर बुडबुडे येतात, कारण पिठातलं पाणी वाफ होऊन सुटत असतं. ते जसजसं संपतं तसे बुडबुडे बारीक होतात आणि आवाज हलका पडत जातो. तेल शांत झालं की चकली झाली, हे आपण आईकडून शिकलो. तेंपुरा तळणारा जपानी आचारीही तेच करतो. त्याला तो आवाज जड जुवाजुवावरून बारीक पिचिपिचिवर आलेला ऐकू येतो, मग तो तुकडा बाहेर काढतो. आवाज पडायच्या आत चकली काढली तर वरून रंग येतो, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडते.

इथल्या मैत्रिणींना फराळाचं ताट देताना मी प्रत्येक पदार्थाला त्यांचा शब्द सांगते, त्याने ओळख पटकन होते. शंकरपाळी साकुसाकु. पापड पारिपारी, म्हणजे पातळ आणि कडक. चकली कारिकारी किंवा पोरिपोरी, यावर दोन मैत्रिणींचं एकमत झालं नाही आणि दोघींनी निर्णयासाठी आणखी दोन-दोन चकल्या खाल्ल्या. आपण मात्र या सगळ्यांना "ईत" लावून विशेषण करतो: कुरकुरीत, खुसखुशीत, चुरचुरीत. कुरकुरीत म्हणजे चकली, खुसखुशीत म्हणजे शंकरपाळी, हे अदलाबदल करून चालत नाही. कुणी शंकरपाळीला कुरकुरीत म्हटलं तर करणारीने समजावं की मोहन कमी पडलं.

काही शब्द मात्र सारखे ऐकू येतात आणि भलतीकडे नेतात. लेकीला आजीने लोकरीचा स्वेटर विणून पाठवला. फोनवर लेक म्हणाली, "आजी, छान आहे, पण गळ्याला चिकुचिकु करतो." तिकडे आजीला वाटलं स्वेटर चिकचिक करतोय, म्हणजे चिकट झालाय. "धुतलात कशाने?" अशी चौकशी सुरू झाली. चिकुचिकु म्हणजे टोचणं. तसंच कुरुकुरु म्हणजे गोल गोल फिरणं, कुरकुरणं नव्हे. उलट गुरुगुरु म्हणजे गरगर, तिथे दोन्ही भाषा एका सुरात बोलतात.

आमटीच्या त्या सकाळी शेवटचा शब्द असाच सहज सापडला. पातेलं उतरवल्यावर कोथिंबीर भुरभुरायची होती. मी कागदावर नुसतं "घाला" असं लिहिलं होतं. आजींनी ते खोडून पारापारा लिहिलं. पारापारा म्हणजे हलक्या हाताने मोकळं मोकळं पेरणं, मीठ तसं पेरतात, आणि पाऊससुद्धा तसाच पारापारा पडतो, तुरळक, बारीक. आपली भुरभुरही तशीच. साखर भुरभुरतो आणि पाऊसही भुरभुर पडतो. मी त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, भुर-भुर, भुर-भुर, आणि तिसऱ्यांदा स्वतः म्हणत कोथिंबीर हातात घेतली.